जस्ताची पट्टी, यूव्ही टॉर्च आणि २८८ नॅनोमीटर: इलेक्ट्रॉन नक्की अडलेत कुठे?

मुलुंडचा_मामा

नमस्कार मंडळी. भाची बारावी सायन्सला आहे आणि कॉलेजच्या प्रदर्शनात तिला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते, प्रत्यक्ष दाखवायचाय. आम्ही घरीच इलेक्ट्रोस्कोप केला. लोणच्याची काचेची बरणी, झाकणातून आत गेलेली तांब्याची तार, खाली अॅल्युमिनियम फॉइलची दोन पातळ पानं आणि वर जस्ताची पट्टी. पीव्हीसीचा पाइप लोकरीच्या मफलरवर घासून पट्टीला टेकवला की पानं छान फाकतात.

मग लॅमिंग्टन रोडवरून आणलेला यूव्ही टॉर्च पट्टीवर धरला. पानं हळूहळू मिटली. मला वाटलं जमलं! पण भाची हट्टाला पेटली, म्हणाली टॉर्च बंद ठेवून बघू. बंद ठेवला तरी पानं तेवढ्याच वेळात मिटली. म्हणजे टॉर्चचा काही संबंधच नाही.

हिशेब तिने आधीच करून ठेवला होता. पुस्तकात जस्ताचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिलंय. १२४० भागिले ४.३ केलं की थ्रेशोल्ड तरंगलांबी २८८ नॅनोमीटर येते. टॉर्चवर ३९५ लिहिलंय. मी म्हणतो, ३९५ हा आकडा २८८ पेक्षा मोठा आहे, थ्रेशोल्ड ओलांडलाय, मग इलेक्ट्रॉन निघायला काय हरकत आहे? ती म्हणते, मामा, उलटं आहे. कोण बरोबर? आणि टॉर्च नाही तर मग काय वापरायचं?

---

डोंबिवली_लोकल

भाची बरोबर. टॉर्च बंद ठेवून बघणारी मुलगी आहे, तिच्याशी वाद घालू नका.

---

बोरिवली_फास्ट

मला वाटतं टॉर्च कमी पडतोय. बॅटरीवरचा छोटा टॉर्च, किती वॅटचा असणार? इलेक्ट्रॉनला बाहेर काढायला ऊर्जा लागते हे खरं, मग जास्त ऊर्जा द्या. असे चार-पाच टॉर्च एकत्र लावा किंवा भिंग धरून प्रकाश एका ठिकाणी आणा. जास्त प्रकाश म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन, हे तर पुस्तकातही आहे.

---

परळची_पल्लवी

मीपण बारावीलाच आहे, म्हणून गणित करून बघितलं. टॉर्चच्या फोटॉनची ऊर्जा १२४० ÷ ३९५ = ३.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यातून ४.३ वजा केले तर कमाल गतिज ऊर्जा उणे १.१६ येते. ऋण गतिज ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन आतल्या दिशेने जातात असं समजायचं का? आमच्या क्लासमध्ये एकाने उत्तर असंच लिहून दिलं होतं.

---

विक्षेप

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. या प्रयोगाची हौस अजून गेलेली नाही, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पल्लवी, ½mv² कधीच ऋण नसतं. वस्तुमान धन, वेगाचा वर्ग धन. त्यामुळे ऋण उत्तर आलं की गणित तुला एवढंच सांगतंय की हे समीकरण इथे लावायचं नव्हतं, कारण इलेक्ट्रॉन बाहेर आलेलाच नाही. उत्तरात "फोटॉनची ऊर्जा वर्क फंक्शनपेक्षा कमी, म्हणून उत्सर्जन नाही" असं लिहायचं आणि थांबायचं. इलेक्ट्रॉनने ३.१४ घेतले, धातूतच धडका खात ते वाटून टाकले आणि पट्टी नकळत जराशी गरम झाली, एवढंच घडलं.

मामा, भाची बरोबर आहे. वारंवारतेचा थ्रेशोल्ड हा खालचा उंबरठा आहे, त्याच्या वर असावं लागतं. तरंगलांबी मात्र वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे तिचा थ्रेशोल्ड ही वरची मर्यादा होते. २८८ नॅनोमीटर म्हणजे जस्तासाठी चालणारी सर्वांत लांब लहर. २८० चालेल, २५४ चालेल, ३०० चालणार नाही. तुमचा ३९५ तर जांभळ्या रंगाच्या अगदी लगतचा आहे, म्हणूनच तो डोळ्यांना दिसतो. जस्ताला जे यूव्ही लागतं ते डोळ्यांना दिसतच नाही.

बोरिवली_फास्ट, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण ते थ्रेशोल्ड पार केल्यावरच लागू होतं. एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच फोटॉन घेतो. टॉर्च पाच केले तर ३.१४ चे फोटॉन पाचपट होतील, ४.३ चा एकही होणार नाही. दुसरा फोटॉन येईपर्यंत इलेक्ट्रॉन पहिल्याची ऊर्जा राखून ठेवू शकत नाही, फार फार कमी वेळात ती धातूत विरते. अतिशय तीव्र लेसरने दोन फोटॉन एकदम शोषले जाऊ शकतात, पण ते काम टॉर्चचं नाही.

---

बोरिवली_फास्ट

म्हणजे भिंगाने फक्त पट्टी तापेल. पटलं. पण मग ३६५ नॅनोमीटरचा टॉर्चही मिळतो, नोटा तपासायला वापरतात तो. तो तर नक्कीच "खरा" यूव्ही आहे. तो घेतला तर?

---

परळची_पल्लवी

१२४० ÷ ३६५ = ३.४०. अजूनही ४.३ च्या खालीच. पैसे वाया जातील काका.

---

दादर_सोलर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मागच्या वर्षी सोलर पॅनल बसवले. ते साध्या उन्हात चालतात, ढगाळ दिवशीही थोडीफार वीज देतात. तिथे कुणी २८८ नॅनोमीटर विचारत नाही. मग जस्ताच्या पट्टीऐवजी जुन्या पॅनलचा तुकडा इलेक्ट्रोस्कोपवर ठेवला तर काम होणार नाही का? मला तर वाटतं पॅनल हाच फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा उत्तम नमुना आहे, प्रदर्शनात तोच ठेवा.

---

विक्षेप

दादर_सोलर, पॅनलमध्ये इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या बाहेर पडतच नाही. आतल्या आत बांधलेल्या अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जातो आणि तारेतून फिरतो. त्यासाठी सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, म्हणजे साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालतो. म्हणून दृश्य प्रकाश सगळा उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनला पृष्ठभाग सोडून हवेत यायचं असेल तर सिलिकॉनलाही याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. तुकडा इलेक्ट्रोस्कोपवर ठेवलात तर जस्तासारखाच गप्प बसेल. प्रदर्शनात पॅनल ठेवायला हरकत नाही, पण तो वेगळा प्रयोग आहे.

आता मामांच्या पानांकडे येतो. टॉर्चशिवाय पानं मिटतात कारण विद्युतभार गळतोय. जुलैमधली मुंबईची हवा, बरणीच्या काचेवर आणि झाकणावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्यावरून भार निसटतो. तार झाकणातून जाते तिथे काय लावलंय? लाकूड किंवा बूच असेल तर ते ओलावा पितं. तिथे टेफ्लॉनचा तुकडा बसवा, नाहीतर मेण ओता. बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, केस सुकवायच्या ड्रायरने बरणी आतून कोरडी करा आणि शक्य असेल तर एसी चालू असलेल्या खोलीत प्रयोग करा. त्यानंतर दिवा न लावता पानं मिटायला किती वेळ लागतो तो आधी घड्याळ लावून मोजा. हा वेळ दोन-तीन मिनिटांच्या वर गेला नाही, तर दिवा कुठलाही आणलात तरी काही सिद्ध होणार नाही.

---

मुलुंडचा_मामा

सर, झाकणात बूचच आहे. आज रात्री मेण ओततो.

भाचीचा प्रश्न: दिवा २५४ नॅनोमीटरचा घ्यायचा का? आमच्या पाण्याच्या फिल्टरवर यूव्ही लिहिलंय. त्यातली नळी हीच का? तसं असेल तर काढून बघू.

---

गिरगावची_माई

थांबा! ती नळी काढून उघड्यावर अजिबात लावू नका.

मी एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. तिथे रात्री निर्जंतुक करायला यूव्हीचे दिवे लावत. एकदा एक वॉर्डबॉय दिवा चालू असताना सामान घ्यायला आत गेला आणि तिथेच काही वेळ आवराआवर करत बसला. त्या वेळी काहीच झालं नाही. रात्री घरी गेल्यावर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचायला लागलं, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. सकाळी तो रडतच आला. दिव्याचा प्रकाश मंद निळसर दिसतो, म्हणून माणसाला वाटतं की यात काय एवढं. जे जाळतं ते दिसतच नाही आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे आपण वेळेवर बाजूलाही होत नाही. मुलांच्या प्रदर्शनात गर्दीसमोर हे करू नका, हात जोडून सांगते.

---

विक्षेप

माईंना पूर्ण दुजोरा. फिल्टरमधली नळी २५४ नॅनोमीटरचीच असते, पाऱ्याच्या वाफेचा कमी दाबाचा दिवा. पण तो फिल्टरच्या बंद कोठीत चालावा म्हणूनच बनवलेला असतो. तो काढू नका.

कॉलेजच्या लॅबमध्ये बहुधा पाऱ्याचा दिवा पेटीत बसवलेला असेल, एका बाजूला छोटी खिडकी असलेला. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो वापरा. सगळ्यांनी चेहरा झाकणारी पॉलिकार्बोनेटची ढाल घ्यायची, हातात मोजे, पूर्ण बाह्या. दिव्याची खिडकी फक्त पट्टीकडे आणि तीन बाजूंनी पुठ्ठा. एक मात्र तपासा: दिव्याच्या भोवतीचं कवच साध्या काचेचं असेल तर २५४ त्यातून बाहेरच येणार नाही. साधी काच साधारण ३०० च्या खालचं जवळपास सगळं गिळते. क्वार्ट्झचं कवच हवं.

आणि याचाच प्रदर्शनात उपयोग करा. दिवा आणि पट्टी यांच्यामध्ये खिडकीच्या काचेचा तुकडा धरा. निळसर उजेड पट्टीवर दिसतच राहील, पण पानं मिटायची थांबतील. काच काढली की पुन्हा मिटायला लागतील. बघणाऱ्याला थ्रेशोल्ड म्हणजे काय ते यापेक्षा स्पष्ट कशानेच कळणार नाही.

---

विरारची_शिकवणी

मी बारावीच्या शिकवण्या घेतो. प्रयोग बाजूला ठेवून मुलांसाठी गणिताचं लिहितो, कारण पेपरात तेच येतं आणि तिथेच गुण जातात.

दिलेलं: जस्त ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रकाश २५४ नॅनोमीटर.

फोटॉनची ऊर्जा = १२४० ÷ २५४ = ४.८८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट
कमाल गतिज ऊर्जा = ४.८८ − ४.३० = ०.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट

वेग विचारला तर मात्र ज्यूलमध्ये जायचंच. ०.५८ × १.६ × १०⁻¹⁹ = ९.३ × १०⁻²⁰ ज्यूल. त्याची दुप्पट करून इलेक्ट्रॉनच्या ९.१ × १०⁻³¹ किलोग्रॅम या वस्तुमानाने भागलं आणि वर्गमूळ घेतलं की सेकंदाला सुमारे ४.५ लाख मीटर येतात.

मुलं कुठे घसरतात? थ्रेशोल्ड आणि आलेला प्रकाश या दोन्ही तरंगलांब्या दिलेल्या असल्या की काही जण आधी त्यांचीच वजाबाकी करतात. २८८ वजा २५४ बरोबर ३४, मग १२४० भागिले ३४ आणि उत्तर ३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट! वजाबाकी ऊर्जेची करायची असते, तरंगलांबीची नाही. ऊर्जा १/λ च्या प्रमाणात बदलते, म्हणून आधी दोन्ही ऊर्जा काढायच्या. उत्तर तपासायचा साधा मार्ग: कमाल गतिज ऊर्जा फोटॉनच्या ऊर्जेपेक्षा मोठी येऊच शकत नाही. आलेला फोटॉन ४.८८ चा आणि इलेक्ट्रॉन ३६ घेऊन पळाला, तर उरलेले दिले कुणी?

---

परळची_पल्लवी

सर, १२४० वापरलं तर चालतं का पेपरात? आमच्या क्लासचे सर म्हणतात h आणि c च्या किमती घालून पूर्ण मांडणी दाखवा.

---

विरारची_शिकवणी

पहिल्या ओळीत hc = १२४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर असं लिहून पुढे जा. पण प्रश्नात h ची किंमत ज्यूल-सेकंदात दिली असेल तर तीच वापर, म्हणजे कुणाला शंका यायला जागा राहत नाही.

---

विक्षेप

विरारची_शिकवणी यांची मांडणी चोख आहे. फक्त त्या ०.५८ बद्दल मला जरा बोलायचंय, कारण मुलांना ते अचल सत्य वाटतं.

जस्ताचं वर्क फंक्शन सगळीकडे ४.३ दिलेलं नसतं. मोजणीची पद्धत, स्फटिकाची बाजू, पृष्ठभाग किती स्वच्छ आहे यावर ते बदलतं. संदर्भग्रंथांत ३.६३ पासून ४.९ पर्यंतचे आकडे सापडतात. आता ३.६३ घेऊन बघा. थ्रेशोल्ड ३४२ नॅनोमीटर होतो, म्हणजे २८८ वरून सुमारे एकोणीस टक्के वाढ. पण २५४ च्या प्रकाशासाठी कमाल गतिज ऊर्जा ४.८८ − ३.६३ = १.२५ होते, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त! आणि ४.९ घेतलं तर ४.८८ त्याच्या किंचित खालीच राहतो, म्हणजे इलेक्ट्रॉनच नाही. जवळजवळ सारखे दोन आकडे वजा केले की मूळ आकड्यातली थोडीशी चूक उत्तरात प्रचंड होते. म्हणून वर्क फंक्शनवरून काढलेल्या कमाल गतिज ऊर्जेवर विश्वास ठेवायचा तो फोटॉन थ्रेशोल्डपासून बराच वर असेल तेव्हा.

मामांच्या टॉर्चपुरता निकाल मात्र बदलत नाही. ३.६३ धरलं तरी ३९५ आणि ३६५ दोन्ही बाहेरच राहतात.

---

विरारची_शिकवणी

सर, आदरपूर्वक असहमत. बारावीच्या मुलाला हे सांगितलं तर तो प्रश्नपत्रिकेत दिलेल्या ४.३ वरच शंका घेत बसेल. धातूला एक वर्क फंक्शन असतं हे आधी पक्कं होऊ दे. पृष्ठभागाची भानगड एमएस्सीला.

---

विक्षेप

पेपरात दिलेला आकडा घ्यायचा, यात वाद नाही. पण ज्या मुलीने टॉर्च बंद करून पाहिलं, तिला उद्या लॅबमध्ये पट्टी काम करणार नाही तेव्हा काय सांगाल? जस्त हवेत ठेवलं की त्यावर ऑक्साइडचा करडा थर चढतो आणि इलेक्ट्रॉन अडतात. १८८८ मध्ये हालवाक्सने हाच प्रयोग आर्क दिव्याने केला, तेव्हा त्यालाही पट्टी ताजी घासून घ्यावी लागली होती. मिलिकनने १९१६ मध्ये आइन्स्टाइनचं समीकरण तपासलं, तेव्हा त्याने निर्वात नळीच्या आतच सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमचे पृष्ठभाग खरवडायची सोय केली होती. पृष्ठभागाची भानगड टाळून हा प्रयोग कुणालाच जमलेला नाही.

तेव्हा मामा, पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि लगेच वापरा. तास-दोन तासांनी पुन्हा घासा.

---

डोंबिवली_लोकल

माझा एक भाबडा प्रश्न. पट्टीला आधी ऋण भार का द्यायचा? प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तर भार नसलेली पट्टी घ्या. इलेक्ट्रॉन निघाले की ती धन होईल आणि पानं आपोआप फाकतील. ते जास्त छान दिसेल. मिटणाऱ्या पानांपेक्षा उघडणारी पानं बघायला लोक थांबतील.

---

विक्षेप

हा प्रश्न भाबडा मुळीच नाही, आणि याचं उत्तर विरारच्या सरांनी काढलेल्या ०.५८ मध्येच आहे.

भार नसलेली पट्टी घेतली. पहिले काही इलेक्ट्रॉन निघाले, पट्टी थोडी धन झाली. आता निघणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला ती मागे ओढते. पट्टी अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर गेली की सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनची ०.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जाही या ओढीत संपते आणि तो परत फिरतो. स्टॉपिंग पोटेन्शियल म्हणतात ते हेच, फक्त इथे बॅटरी न लावता पट्टीने स्वतःच ते तयार केलं. पट्टी साधारण ०.६ व्होल्टला थांबणार. फॉइलची पानं डोळ्यांना दिसतील इतकी फाकायला मात्र शेकडो व्होल्ट लागतात. म्हणजे प्रयोग घडतो, पण आपल्याला दिसत नाही.

ऋण भाराने पट्टी आधीच शेकडो व्होल्ट खाली असते. निघालेल्या इलेक्ट्रॉनला ती दूर ढकलते, तो हवेतल्या रेणूला चिकटून निघून जातो, आणि असे असंख्य गेले की पानं मिटतात. यावरून हेही कळेल की या इलेक्ट्रोस्कोपने कमाल गतिज ऊर्जा मोजता येत नाही. इलेक्ट्रॉन निघतात की नाही एवढंच तो सांगतो. मोजायचं असेल तर निर्वात फोटोसेल, उलटा व्होल्टेज आणि अगदी लहान प्रवाह मोजणारा मीटर लागतो.

एक सावधगिरी. पाइप पट्टीला नीट टेकवून घासा. पाइप नुसता जवळ धरून पट्टीला बोट लावून काढलं आणि मग पाइप दूर केला, तर पट्टीवर उलटा, धन भार बसतो. पानं तशीच फाकतात, फरक दिसत नाही, आणि मग २५४ चा दिवाही हरतो.

---

परळची_पल्लवी

म्हणजे धन भार देऊन केलेला प्रयोग पण दाखवायला हवा! दिवा तोच, पट्टी तीच, आणि पानं मिटत नाहीत. म्हणजे दिव्याने हवेतून भार गळतोय असं कुणी म्हणू शकणार नाही.

---

विक्षेप

शाब्बास. अगदी हाच युक्तिवाद.

---

मुलुंडचा_मामा

अपडेट देतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पेटीतला पाऱ्याचा दिवा निघाला, क्वार्ट्झच्या कवचाचा. मॅडमनी स्वतः उभं राहून करून दिलं, सगळ्यांना ढाल, माईंना विशेष कळवावं असं भाचीने सांगितलंय.

मेण आणि सिलिका जेलने बराच फरक पडला. एसी लावलेल्या खोलीत दिव्याशिवाय पानं चांगली पाच-सहा मिनिटं उभी राहिली. पट्टी घासून, पाइप टेकवून दिवा लावला तर अर्ध्या मिनिटाच्या आत पानं मिटली. मध्ये काच धरली की थांबली. धन भार दिला तर दिव्याखालीही दिव्याशिवाय राहतात तशीच राहिली. दिवा दुप्पट अंतरावर नेला तेव्हा मिटायला बराच जास्त वेळ लागला, पण मिटली. बोरिवली_फास्ट, तुमचं "जास्त प्रकाश, जास्त इलेक्ट्रॉन" इथे लागू पडलं.

आता घरात वाद आहे तक्त्यावर काय लिहायचं यावर. भाची म्हणते ४.३ आणि २८८ लिहू. मी म्हणतो सरांनी सांगितलेला ३.६३ ते ४.९ चा पट्टा लिहू. मॅडम म्हणाल्या परीक्षक पुस्तकातला आकडा शोधतील.

---

विरारची_शिकवणी

मॅडम बरोबर. ४.३ लिहा.

---

विक्षेप

तक्त्यावर तुम्ही स्वतः पाहिलेलं लिहा: २५४ ला इलेक्ट्रॉन निघाले, म्हणजे तुमच्या पट्टीचं वर्क फंक्शन ४.८८ पेक्षा कमी. काचेतून येणाऱ्या प्रकाशाला, म्हणजे साधारण ३०० च्या पुढच्या लहरींना, दिसण्याइतके निघाले नाहीत, म्हणजे ते ४.१ च्या फार खाली नसावं. पुस्तकातला ४.३ याच दोन आकड्यांच्या मध्ये बसतो. काचेची कड नेमकी कुठे आहे हे त्या तुकड्यावर अवलंबून असतं, त्यामुळे खालच्या आकड्यावर मी फार जोर देणार नाही.

---

गिरगावची_माई

ढाल वापरलीत ते वाचून बरं वाटलं. भाचीला आशीर्वाद.

---

दादर_सोलर

मला अजून एक कळत नाही. दुपारच्या उन्हात यूव्ही असतं, म्हणून तर आपण काळवंडतो. मग घासलेली जस्ताची पट्टी थेट उन्हात ठेवली तर दिव्याची गरजच नाही. चालेल का?

---

विक्षेप

हे मला ठामपणे सांगता येणार नाही, आणि कारण पुन्हा तेच. वातावरणातला ओझोन साधारण २९५ नॅनोमीटरच्या खालचं ऊन जमिनीवर येऊच देत नाही. पट्टीचा थ्रेशोल्ड २८८ असेल तर ऊन थोडक्यात हुकतं. ३४० च्या आसपास असेल तर चालेल. भाचीच्या पट्टीच्या बाबतीत काचेने प्रयोग थांबला, त्यावरून मला वाटतं उन्हात फारसं काही दिसणार नाही.

मॅग्नेशियमची फीत मात्र आजमावण्यासारखी आहे, शाळेच्या लॅबमध्ये जाळून दाखवतात ती. तिचं वर्क फंक्शन ३.६६ दिलेलं असतं, थ्रेशोल्ड ३३९. उन्हात २९५ ते ३३९ मधला भाग असतो. घासून लगेच, उघड्यावर, काचेआड नाही.

---

परळची_पल्लवी

३६५ चा टॉर्च मॅग्नेशियमलाही चालणार नाही, ३.४० फक्त. ऊनच पाहिजे.

---

मुलुंडचा_मामा

फीत मॅडमकडून मागून ठेवतो. ऊन गणपतीनंतरच मिळेल असं दिसतंय. तोपर्यंत भाचीने दिव्याशिवाय पानं मिटायचा वेळ रोज लिहायला घेतलाय, पाऊस असलेल्या आणि नसलेल्या दिवसांचा वेगळा.